नवी गाडी खरंच किती नवी? चेसिस नंबर वाचायला शिकूया



नवी गाडी घेताना आपण रंग बघतो, मायलेज विचारतो. पण ती कारखान्यातून कधी बाहेर पडली, हे विचारायचं राहून जातं. शोरूमवाले "नवीन स्टॉक आहे सर" म्हणतात आणि आपण मान डोलावतो. खरं उत्तर गाडीवरच कोरलेलं असतं.

चेसिस नंबर 17 अक्षर-अंकांचा असतो. 1 आणि 0 शी गोंधळ नको म्हणून त्यात I, O, Q ही अक्षरं नसतात. टाटांच्या पद्धतीचा हा एक काल्पनिक नंबर बघा:

```
MAT625123RPE04518
```

बोट ठेवून मोजा. पहिली तीन अक्षरं कंपनीची. दहावं अक्षर R, म्हणजे वर्ष 2024. (P म्हणजे 2023, S म्हणजे 2025.) बारावं E, म्हणजे पाचवा महिना, मे. समजा, ही गाडी तुम्हाला फेब्रुवारी 2025 मध्ये दाखवली, तर ती नऊ महिन्यांची आहे. शिवाय वर्ष बदललंय. उद्या विकायला काढली की गिऱ्हाईक तिला 2024 चीच धरणार, नोंदणी 2025 ची असली तरी.

महिन्याची जागा प्रत्येक कंपनीत वेगळी असते, म्हणून नुसत्या अंदाजावर राहू नका. विक्री प्रमाणपत्रात, म्हणजे फॉर्म 21 मध्ये, उत्पादनाचा महिना व वर्ष लिहिलेलं असतं. ते आधीच दाखवायला सांगा.

आता टायर बघा. त्यावर चार अंक असतात. 1624 म्हणजे 2024 चा सोळावा आठवडा, एप्रिलचा मध्य. टायर गाडीच्या थोडे आधी बनलेले असणं बरोबर. पण ते गाडीनंतरचे निघाले, तर टायर का बदलले, हे विचारायलाच हवं.

एक लक्षात ठेवा. या नंबरावरून गाडीचं वय कळतं, डीलरकडे ती किती दिवस होती हे नाही. काही काळ कंपनीच्या यार्डात आणि वाहतुकीतही जातो. त्यासाठी कंपनीने डीलरला दिलेल्या बिलाची तारीख विचारा. एक-दोन महिने जुनी गाडी ही नेहमीची गोष्ट आहे. सहा-नऊ महिने उभी असेल, तर बॅटरी उतरलेली असू शकते, टायर एका जागी दबलेले असू शकतात, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असू शकतात. अशी गाडी घेऊच नये असं नाही. पण बॅटरी तपासून घ्या, वायरिंग बघा आणि सूट मागा.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. दाखवतात एक गाडी आणि देतात दुसरी, असंही होतं. म्हणून पूर्ण पैसे भरण्याआधी गाडीवरच्या नंबरचा फोटो काढा आणि बिल व विमा यांवरचा नंबर एकेक अक्षर जुळवा. नोंदणी झाल्यावर गाडी बदलून मागणं फार अवघड जातं.

घरी गाडी असेल तर आज मुलांना सोबत घेऊन दहावं अक्षर शोधा बरं!