निवाडा डॉलरमध्ये, वसुली रुपयांत: दर कोणत्या दिवसाचा?

दोह्यात हिशेबाचे काम करणाऱ्या माणसाला डॉलरचा भाव विचारावा लागत नाही. एक डॉलर म्हणजे ३.६४ कतारी रियाल. २००१ च्या अमिरी हुकुमाने हा दर कायद्याने बांधला गेला आणि त्याआधीही वर्षानुवर्षे तोच चालत होता. आज मिळणारे डॉलर पाच वर्षांनी मिळाले तरी रियालमधला आकडा तोच राहतो. त्यामुळे परकीय चलनातल्या रकमेला तारीख चिकटलेली असते, ही गोष्ट इथल्या व्यापाऱ्यांच्या सहसा मनातही येत नाही. वसुली भारतात करायची वेळ आली, की ती तारीखच सगळ्यांत मोठा प्रश्न होऊन बसते. आमच्या कंपनीवर ती वेळ आली, म्हणून हे लिहितो आहे.

मी दोह्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंत्राटी कंपनीचे हिशेब पाहतो. आम्ही महाराष्ट्रातल्या एका कारखान्याकडून व्हॉल्व्ह मागवले होते आणि आगाऊ रक्कम डॉलरमध्ये पाठवली होती. माल तपासणीत नापास झाला, परत गेला, पण पैसे परत आले नाहीत. २०१८ च्या मध्यावर ते परत करण्याची मुदत संपली. करारात सिंगापूरच्या लवादाची तरतूद होती. लवादाने आमच्या बाजूने डॉलरमध्ये निवाडा दिला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी आम्ही मुंबई उच्च न्यायालयात गेलो. सिंगापूर हा भारताने यासाठी अधिसूचित केलेला देश असल्याने ती वाट मोकळी होती.

समजायला सोपे जावे म्हणून आकडे गोल करून सांगतो. व्याज बाजूला ठेवले, तर निवाडा दोन लाख डॉलरचा होता. दोह्यातल्या वहीत ते ७ लाख २८ हजार रियाल, आणि ते कधीच बदलणार नव्हते. मुंबईत मात्र प्रत्येकाचा आकडा वेगळा होता. कारखान्याचे म्हणणे असे, की पैसे २०१८ मध्ये देणे होते, तेव्हा डॉलर ६८ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे एक कोटी छत्तीस लाख. आमच्या मालकांचे म्हणणे असे, की पैसे हातात पडतील त्या दिवसाचा दर धरा. दोघेही आपापल्या परीने मनापासून बोलत होते आणि भारतीय कायद्यानुसार दोघांचेही बरोबर नव्हते.

आमच्या मुंबईच्या वकीलबाईंनी समोर एक जुना निकाल ठेवला: फोरासोल विरुद्ध ओएनजीसी, सर्वोच्च न्यायालय, ऑक्टोबर १९८३. फोरासोल ही तेलासाठी विहिरी खोदणारी फ्रेंच कंपनी. तिचा करार १९६४ चा होता, तिची काही येणी फ्रेंच फ्रँकमध्ये होती, आणि मध्येच जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांनी निकालात पाच तारखा मांडून एकेक तपासली: रक्कम देय झाली तो दिवस, दावा दाखल झाला तो दिवस, हुकूमनाम्याचा दिवस, वसुलीची कारवाई सुरू करण्याचा आदेश झाला तो दिवस आणि प्रत्यक्ष पैसे दिले तो दिवस.

पहिल्या दोन तारखा का नाकारल्या, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. देय दिवसाचा दर धरला, तर रुपया घसरत असताना पैसे थकवणाऱ्याचाच फायदा होतो. तो जितका उशीर करील तितके त्याला प्रत्यक्षात कमी डॉलर द्यावे लागतात आणि रुपयाच्या घसरणीचा सगळा भार, ज्याने रुपयांत व्यवहारच केला नव्हता, त्याच्यावर पडतो. दावा दाखल केल्याच्या दिवसाचेही तसेच, कारण निकालाला वर्षे लागतात.

प्रत्यक्ष भरण्याचा दिवस सर्वांत न्याय्य वाटतो आणि इंग्लंडने तो जवळजवळ स्वीकारलाच आहे. तिथल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९७५ मध्ये मिलियांगोस खटल्यात जुना नियम मोडला आणि स्विस फ्रँकमध्येच निकाल देता येईल, रूपांतर करायचेच झाले तर वसुलीची परवानगी मिळते त्या दिवसाच्या दराने करावे, असे ठरवले. आपल्या न्यायालयाने ही वाट पाहिली, पण तिच्यातल्या अडचणी मोठ्या मानल्या. भारतात न्यायालयाची फी, न्यायालयाची आर्थिक अधिकारकक्षा, जप्ती, लिलाव, दिवाळखोरी हे सगळे रुपयांतल्या आकड्यावर चालते. आकडा रोज हलत राहिला, तर किती मालमत्ता जप्त करायची आणि कुठे थांबायचे, हेच ठरणार नाही. म्हणून हुकूमनाम्याचा दिवस धरला गेला, आणि वरिष्ठ न्यायालयात प्रकरण गेले असेल, तर तो हुकूमनामा अंतिम होतो तो दिवस.

हा निकाल १९४० च्या लवाद कायद्याखालचा. तेव्हा निवाड्यावर न्यायालयाचा वेगळा हुकूमनामा घ्यावा लागे. १९९६ च्या कायद्यात परदेशी निवाड्याविरुद्धच्या हरकती फेटाळल्या गेल्या, की निवाडाच हुकूमनामा मानला जातो. मग तारीख कोणती? याचे स्पष्ट उत्तर ऑगस्ट २०२४ मध्ये मिळाले. डीएलएफ विरुद्ध कोंचार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हरकतींचा शेवटचा निकाल लागून निवाडा अंमलबजावणीयोग्य होतो, तो दिवस धरायचा. तो निवाडा २००४ चा आणि युरोमध्ये होता, हरकतींचा निकाल लागला १ जुलै २०१४ रोजी, आणि दर त्या दिवसाचा धरला गेला. त्याच निकालात दुसरा एक भाग आहे आणि आमच्यासारख्यांना धडा मिळतो तो तिथेच.

डीएलएफने २०१० मध्ये, वाद चालू असतानाच, साडेसात कोटी रुपये न्यायालयात जमा केले होते आणि समोरच्या कंपनीला ते तारण देऊन काढून घेण्याची मुभा होती. तिने ते तेव्हा काढले नाहीत. न्यायालयाने ठरवले, की तेवढ्या रकमेचे रूपांतर जमा केल्याच्या दिवसाच्या दरानेच होईल. ज्याने पैसे हातातून सोडले, त्याच्यावर पुढच्या घसरणीचा बोजा टाकणे योग्य नाही, आणि ज्याला ते उचलून युरोत बदलता आले असते, त्याने मागाहून तक्रार करणे योग्य नाही.

आमच्या प्रकरणात हेच घडले होते. २०२० च्या अखेरीस कारखान्याने ७३ लाख रुपये न्यायालयात भरले. डॉलर तेव्हा ७३ च्या आसपास होता. बँक गॅरंटी देऊन पैसे काढा, असा आदेश झाला. दोह्यातल्या मालकांनी गॅरंटीचा खर्च आणि अडकणारी पत पाहून नको म्हटले. निवाडा डॉलरचा आहे, पैसे न्यायालयात सुरक्षित आहेत, शेवटी सगळे मिळून घेऊ, असे त्यांचे म्हणणे. सप्टेंबर २०२४ मध्ये हरकती फेटाळल्या गेल्या आणि कारखाना पुढे गेला नाही. डॉलर तेव्हा ८४ च्या जवळ पोहोचला होता.

हिशेब असा झाला. भरलेले ७३ लाख २०२० च्या दराने एक लाख डॉलर फेडून मोकळे झाले. उरलेले एक लाख डॉलर ८४ च्या दराने ८४ लाख रुपये झाले. एकूण एक कोटी सत्तावन्न लाख. कारखान्याच्या मागणीपेक्षा हे एकवीस लाखांनी जास्त आणि मालकांच्या अपेक्षेपेक्षा अकरा लाखांनी कमी. न्यायालयातल्या ठेवीवर बँकेचे व्याज साठते, पण चार वर्षे हातात नसलेल्या डॉलरची भरपाई त्यातून होईलच असे नाही. पैसे त्याच वेळी काढून दोह्याला आणले असते, तर रुपयाचे पुढे काय होते याच्याशी आमचा संबंध उरला नसता.

यातून जे सांगावेसे वाटते, ते क्रमाने सांगतो.

करार करताना चलनाबरोबर दर कोणाचा आणि कोणत्या दिवसाचा, हेही लिहा. २०१७ च्या जूनमध्ये शेजारी देशांनी कतारशी संबंध तोडले, तेव्हा देशाबाहेरच्या बाजारात रियाल ३.६४ पेक्षा स्वस्त विकला जात होता, पण कतारच्या मध्यवर्ती बँकेचा दर तोच होता. दर कोणाचा हे लिहिलेले नसेल, तर असल्या काळात एकाच दिवसाचे दोन दर निघतात. भारतात एफबीआयएलचा संदर्भ दर आणि बँकेचा विक्री दर यांतही फरक असतो. मोठ्या रकमेत तो जाणवतो.

अर्जात मागणी परकीय चलनातच करा आणि पर्याय म्हणून रुपयांतली रक्कम मागा. फोरासोल निकालाने हाच नमुना घालून दिला आहे: अमुक परकीय रक्कम द्यावी, आणि ती त्या चलनात देता येत नसेल वा प्रतिवादीला द्यायची नसेल, तर हुकूमनाम्याच्या दिवसाच्या दराने रुपये. फीसाठी दावा दाखल करण्याच्या दिवसाचा दर धरतात, पण तो फक्त फीपुरता. समोरचा पक्ष तोच आकडा अंतिम म्हणून पुढे करू लागला, तर लगेच हरकत घ्या.

समोरच्याने न्यायालयात एक रुपयाही भरला, की त्याच दिवशी वहीत त्या दिवसाचा दर लिहा आणि तेवढे डॉलर फिटले असे धरून चला. काढण्याची मुभा मिळाली, तर गॅरंटीचा खर्च आणि रुपया घसरला तर होणारे नुकसान शेजारी शेजारी मांडा. आमच्या बाबतीत दुसरा आकडा अकरा लाखांचा निघाला. काढण्याची मुभाच नसेल, तर ती लेखी मागा. मागितल्याची नोंद कामी येते, कारण वरचा नियम रक्कम काढता येत होती, या पायावर उभा आहे.

निवाडा लवादाचा आहे की कतारच्या न्यायालयाचा, हे आधी पाहा. संयुक्त अरब अमिरातीतल्या न्यायालयांचे निकाल जानेवारी २०२० पासून भारतात थेट अंमलबजावणीला नेता येतात. कतारला ती सोय नाही. दोह्याचा निकाल हातात असेल, तर भारतात त्याच्या आधारे नवा दावा करावा लागतो आणि त्यासाठी निकालापासून तीन वर्षांची मुदत आहे. दराची तारीख मग त्या नव्या भारतीय हुकूमनाम्याची असते, म्हणजे आणखी पुढे ढकललेली. परदेशी लवाद निवाड्याच्या अंमलबजावणीसाठीही तीन वर्षेच आहेत.

कतारमधल्या मराठी व्यापाऱ्यांना आणि कंत्राटदारांना माझे सांगणे एवढेच आहे: डॉलरच्या निवाड्यावर आकडा एकच दिसत असला, तरी भारतात त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःची तारीख असते. जमा झालेल्या पैशाची तारीख जमा झाल्याचा दिवस, बाकीच्याची तारीख वाद अंतिम संपल्याचा दिवस. न्यायालयात पैसे भरल्याची सूचना आली, की त्याच आठवड्यात वकिलांना बोलवा आणि ते काढण्याचा निर्णय घ्या.