छत्रीबरोबर रेनकोट? नको!

साताऱ्यात छत्रीचं दुकान चालवणाऱ्याला जुलैची चिंता नसते. चिंता असते ती गणपतीनंतरची आणि होळीनंतरची. हे मी मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याला मे महिन्यातच सांगितलं होतं. त्याचं एकच पालुपद, "शेठ, छत्री हवी असेल तर रेनकोटची जोड घ्यावीच लागेल. उरला तर परत घेतो." हे कागदावर लिहून दे म्हटलं, तर हसला. सप्टेंबरात फोन केला, तेव्हा म्हणाला, "माल ओलसर झाला असेल, आता कसा घेऊ?" खोकी आम्ही उघडलीसुद्धा नव्हती! परत घेण्याचा मुद्दा बिलावर लिहून घ्या, तारखेसकट. तोंडी शब्दावर माल उतरवून घेऊ नका.

त्याची जोडच मुळात चुकीची होती. छत्रीला रेनकोट, प्लास्टिकच्या चपला जोडल्या की तिन्ही पावसावरच जगतात. पाऊस गेला की तिन्ही एकदम बसतात. खरं तर छत्री उन्हातही चालते. स्कूटरवरून जाणाऱ्या बायका मार्चपासून सनकोट आणि स्कार्फ घ्यायला येतात, त्यांना आतून चंदेरी लेप असलेली घडीची छत्री दाखवावी. गाडीवर सनकोट, गाडी लावल्यावर छत्री, असं सांगितलं की पटतं.

आता हिशेब बघा. छत्री १८० ला पडते, २६० ला विकते. सनकोट २२० ला पडतो, ३२० ला जातो. दोन्ही मिळून ५८० होतात, जोडी ५४० ला लावली. नुसता सनकोट गेला असता तर १०० सुटले असते, जोडीत १४० सुटतात. पण जी बाई दोन्ही घेणारच होती, तिच्यामागे आपले ४० गेले. म्हणजे जोडी घेणारं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक नुसत्या सनकोटासाठी आलेलं असेल, तरच जोडीत फायदा. काय मागत आली, ते बिलाच्या कोपऱ्यात टिपून ठेवा. आठवड्याभरात कळतं.

सूट नेहमी सनकोटावर दाखवा, छत्रीवर नको. मार्चमध्ये छत्री २२० ला दिसली की जूनमध्ये तीच बाई तोच भाव मागते, आणि शेजारणीलाही सांगते.

सप्टेंबरात कासला फुलं बघायला जाणारे येतात. त्यांना छत्रीबरोबर मोबाइलचं पाणीरोधक पाकीट लागतं. पण हे गिऱ्हाईक शनिवार-रविवारचं, त्याच्या भरवशावर माल भरू नका. थंडीत कानटोप्या, मोजे ठेवा, जास्त काही नाही. भांडवल अडकतं.

उरलेले रेनकोट घडी करून माळ्यावर टाकू नका, उष्णतेनं प्लास्टिक एकमेकांना चिकटतं. पुसून, सुकवून, टाल्कम पावडर लावून टांगा. माझे अजून टांगलेलेच आहेत. तो व्यापारी यंदाही आला होता, नवी जोड घेऊन. सनकोट ठेवतोस का विचारलं, तर म्हणाला, "त्यात काय मिळतं शेठ?"