पहिला प्रश्नच चुकला

सटाण्यात अकरावी-बारावीच्या मुलांचा पहिला चर्चागट घेतला, तेव्हा मी वर्गाच्या पुढं उभा राहून विचारलं, "जाहिरातींवर तुमचा विश्वास आहे का?" आठ मुलं होती. पहिल्यानं शुद्ध मराठीत "नाही सर, जाहिराती फसव्या असतात" असं सांगितलं आणि पुढच्या पाच जणांनी तेच थोडं फिरवून म्हटलं. मागच्या बाकावर त्यांचे वर्गशिक्षक बसले होते. मी खूश होऊन अहवालात लिहिलं, "७५ टक्के विद्यार्थी जाहिरातींवर विश्वास ठेवत नाहीत." मार्गदर्शक बाईंनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढून एवढंच विचारलं, "दुसऱ्यानं पहिल्याचं ऐकलं नव्हतं का?"

चूक तिथंच होती. चर्चागटातली सहा उत्तरं ही सहा वेगळी मतं नसतात, ती एकमेकांच्या अंगावर वाढलेली असतात. त्यामुळं टक्केवारी काढायचीच नाही. आणि विश्वास आहे का असं विचारलं की मुलं परीक्षेतलं उत्तर देतात. जाहिरात दाखवायची आणि "यात काय चाललंय?" एवढंच विचारायचं.

दुसऱ्या वेळी सहाच मुलं घेतली. मुलींचा गट वेगळा ठेवला, कारण पहिल्या गटात दोघी होत्या आणि दोघी मिळून चार वाक्यं बोलल्या होत्या. शिक्षकांना चहाला पाठवलं. पालकांची सही आधी आणली होती, तरी मुलांनाही पुन्हा विचारलं; एकानं "नको" म्हटलं, तो गेला. वेळ सव्वा तासाची धरली, कारण नामपूर-ताहाराबादकडच्या मुलांचा जीव गाडीच्या वेळेत अडकलेला असतो आणि शेवटची वीस मिनिटं ती घड्याळच बघतात. पंखा बंद केला. पहिल्या वेळी रेकॉर्डिंगमध्ये पंख्याशिवाय काही ऐकू आलं नव्हतं.

मग मोबाइलवरची एक रील दोनदा दाखवली. डाळिंबाच्या बागेत उभा एक तरुण हातात टॉनिकची बाटली धरून सांगतो की दोन वर्षं हेच वापरतोय. बोलायच्या आधी प्रत्येकाला चिठ्ठीवर तीन मिनिटं लिहायला लावलं. ही युक्ती सोडू नका. नंतर गटाच्या दबावानं कोण कुठं सरकलं ते चिठ्ठीशी ताडून कळतं.

पहिली काही मिनिटं शांतताच होती. मी गप्प राहिलो, ते अवघड जातं. मग एक जण पुटपुटला, "बाटलीचं सील फोडेल नही." दुसरा म्हणाला, मागं झाडावर कळी आहे आणि हा फळाच्या फुगवणीचं बोलतोय. वर्गातलं मराठी सुटलं, अहिराणी सुरू झाली. मी विचारलं, मग हा असं का बोलतो? "तो काय फुकट बोलस का?" सगळे हसले.

इथं मला वाटलं, झालं, मुलांनी जाहिरात ओळखली. पण तोच मुलगा पुढं म्हणाला, कंपनी त्याला पैसे देते म्हणजे तो मोठा माणूस आहे, उगाच कोणाला देत नाही. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "बाबांना दाखवणार."

जाहिरातदारांची स्वनियमन संस्था असलेल्या एएससीआयनं २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठी नियम केले. पैसे घेतले असतील तर पोस्टवर तसं ठळक लिहावं, असं ते सांगतात. त्यामागची अपेक्षा अशी की कळलं की माणूस सावध होईल. आमच्या गटात त्या मुलाला कळलं होतं आणि तेच त्याला भरवशाचं वाटलं. पाच जणांच्या गटावरून हे तालुक्याला लागू करता येणार नाही. पण नियमामागचं गृहीतक इथं अडखळतं, एवढं नक्की लिहिता येतं.

लिहिताना मी आणखी एक घोळ घातला. स्टुअर्ट हॉलनं सांगितलेले तीन प्रकार, म्हणजे जाहिरातदाराचा अर्थ जसाच्या तसा घेणं, तडजोडीनं घेणं आणि नाकारणं, यांचे रकाने आखून मुलांना त्यात बसवायला लागलो. हा मुलगा दोन मिनिटांत दोन रकान्यांत गेला. शेवटी रकाने पुसले आणि प्रसंगच लिहिला: कोण, कोणाच्या नंतर, काय बोललं आणि कुठल्या शब्दावर वळलं. अहिराणी वाक्य तसंच ठेवून शेजारी मराठी दिलं. "फुकट बोलस का" याचं "तो मानधन घेतो" केलं की त्यातलं हसू जातं आणि निष्कर्षही बदलतो.

एका तासाचं बोलणं उतरवायला मला पाच तास लागले. त्यात नावं काढून "मुलगा ३" वगैरे केलं होतं, पण गाव आणि बागेचा आकार तसाच राहिला. छापायला दिलेली पानं दुकानातल्या माणसानं चाळली आणि विचारलं, "हा आमच्या शेजारच्यांचा ना?" ते पान मी तिथंच परत घेतलं. तुम्ही खेड्यातल्या मुलांवर लिहीत असाल तर नावाबरोबर पीक, एकर आणि गावही काढा.