मेकॅनिझमच्या सेमिनारसाठी प्रश्न काढताना: काय करावे, काय टाळावे

काय करावे

- एका बैठकीला एकच अभिक्रिया घ्या. इथाइल ॲसिटेट आणि सोडियम हायड्रॉक्साइडचे पाण्यातले द्रावण एवढ्यावर दोन तास सहज निघतात.

- उत्पादिते प्रश्नातच सांगून टाका: सोडियम ॲसिटेट आणि इथेनॉल. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

- तिन्ही पायऱ्या बाणांसकट आधीच फळ्यावर काढून ठेवा: हायड्रॉक्साइड कार्बोनिल कार्बनला जोडले जाते, इथॉक्साइड बाहेर पडते, ॲसेटिक आम्ल प्रोटॉन गमावते. बाण काढण्यात वेळ घालवायचा नाही, त्यांचे कारण विचारायचे आहे.

- प्रत्येक ‘का’सोबत एक ‘का नाही’ जोडा: हायड्रॉक्साइड कार्बोनिल कार्बनवर का जाते, आणि ऑक्सिजनशेजारच्या CH₂ वर मागून हल्ला का करत नाही?

- लगेच पुढचा प्रश्न ठेवा: कोणता बंध तुटला हे कशावरून ओळखाल? ऑक्सिजन आणि इथाइल यांच्यातला बंध तुटला असता, तर पाण्यातला ऑक्सिजन इथेनॉलमध्ये गेला असता.

- उत्तर अडले तर प्रयोग सांगा, निष्कर्ष मात्र विद्यार्थ्यांना काढू द्या. पोलान्यी आणि साबो यांनी १९३४ मध्ये ऑक्सिजन-१८ असलेल्या पाण्यात अमिल ॲसिटेटचे अल्कधर्मी जलविच्छेदन केले; मिळालेल्या अल्कोहोलमध्ये तो जड ऑक्सिजन आला नाही.

- मोहात पाडणारी चुकीची वाट मुद्दाम पुढे करा: हायड्रॉक्साइड अल्फा हायड्रोजन का काढत नाही? ‘काढत नाही’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. एस्टरचा पीकेए सुमारे २५ आणि पाण्याचा १५.७, म्हणजे एनोलेट होतो, पण अत्यल्प, आणि पाण्यात त्याला प्रोटॉन परत घेण्यावाचून फारशी वाट नसते.

- मग एकच अट बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारा: कोरड्या इथेनॉलमध्ये सोडियम इथॉक्साइड घेतले, तर तोच अल्फा हायड्रोजन महत्त्वाचा का ठरतो? इथॉक्साइड कार्बोनिलवर गेले तरी शेवटी तेच एस्टर परत मिळते, त्यामुळे एनोलेटची वाट उरते आणि इथाइल ॲसिटोॲसिटेट तयार होते.

- सर्वांत जास्त वेळ दुसऱ्या पायरीला द्या. पाठांतर उघडे पडते ते इथेच.

- विचारा: सोडियम हायड्रॉक्साइड डायइथाइल ईथरमधून इथॉक्साइड हलवू शकत नाही, मग इथे ते कसे निघते? उत्तरात दोन्ही गोष्टी आल्या पाहिजेत: टेट्राहेड्रल मध्यस्थातल्या ऑक्सिजनवरचा ऋणभार, आणि कार्बोनिल बंध पुन्हा जुळल्याने होणारी ऊर्जेची भरपाई.

- विचारा: त्याच मध्यस्थातून हायड्रॉक्साइड परत का निघू नये? निघू शकते, असे उत्तर यायला हवे. पाण्याचा पीकेए १५.७ आणि इथेनॉलचा सुमारे १६, तेव्हा दोघांत फारसे डावे-उजवे नाही.

- ‘निघू शकते’ याचाही पुरावा मागा. मायरन बेंडर यांनी १९५१ मध्ये कार्बोनिलवर ऑक्सिजन-१८ असलेले इथाइल बेंझोएट घेतले, जलविच्छेदन अर्ध्यावर थांबवले आणि उरलेले एस्टर तपासले. त्यातला जड ऑक्सिजन कमी झालेला होता.

- हुशार गटाला इथे आणखी एक पाऊल टाकायला लावा: ती अदलाबदल होण्याआधी मध्यस्थात काय घडायला हवे? प्रोटॉन एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर गेल्याशिवाय दोन्ही ऑक्सिजन सारखे ठरत नाहीत.

- परत फिरण्याची वाट मोकळी असताना अभिक्रिया पूर्णत्वाला का जाते, हे तिसऱ्या पायरीवर विचारा, आणि आकडा मागा. ॲसेटिक आम्लाचा पीकेए ४.८, इथेनॉलचा १६. फरक अकराच्या आसपास, म्हणजे समतोल स्थिरांक १०¹¹ च्या घरात.

- वेग आणि समतोल यांचे प्रश्न वेगवेगळ्या ओळींत ठेवा. तिसरी पायरी अभिक्रिया मागे का फिरत नाही ते सांगते, ती किती वेगाने होते ते नाही.

- प्रॅक्टिकलचे आकडे कामाला लावा: हायड्रॉक्साइडची संहती दुप्पट केली की वेग दुप्पट का होतो? मंद पायरीत ते स्वतः भाग घेते.

- शेवटी इथॉक्सी गट काढून अमाइड ठेवा आणि विचारा, कोणती पायरी अडली? अमोनियाचा पीकेए ३८ च्या आसपास आहे, त्यामुळे मध्यस्थातून जवळजवळ नेहमी हायड्रॉक्साइडच परत निघते.

काय टाळावे

- ‘काय तयार होईल?’ हा प्रश्न कोणत्याही रूपात विचारू नका; ‘पुढची पायरी लिहा’ हेही त्याचेच दुसरे रूप आहे.

- ‘मेकॅनिझम स्पष्ट करा’ असे लिहू नका. पुस्तकातले चित्र जसेच्या तसे येईल आणि त्यात तुम्हाला चूकही काढता येणार नाही.

- ‘स्थिर असतो म्हणून’ हे उत्तर घेऊ नका. कशापेक्षा स्थिर आणि का, हे पुढे आलेच पाहिजे.

- ‘कार्बनला इलेक्ट्रॉन हवे असतात’, ‘ऑक्सिजन खूश होतो’ अशी भाषा प्रश्नात आणू नका. प्रश्नात आली की उत्तरात येतेच.

- ‘इथॉक्साइड चांगला लीव्हिंग ग्रुप का आहे?’ असे विचारू नका. तो चांगला नाहीच, आणि विद्यार्थी निमूटपणे चुकीच्या गृहीतकाची कारणे शोधत बसतील.

- माध्यम न सांगता प्रश्न देऊ नका. अल्कधर्मी द्रावणात मोकळा H⁺ दाखवणारा बाण आला, तर निम्मा दोष प्रश्नाचा असतो.

- हायड्रॉक्साइडला उत्प्रेरक म्हणू नका, म्हणू देऊ नका. एस्टरच्या एका मोलमागे त्याचा एक मोल खर्च होतो.

- वेगाच्या समीकरणाला मेकॅनिझमचा पुरावा मानू नका. एस्टर आणि हायड्रॉक्साइड दोघांवर अवलंबून असलेला वेग CH₂ वरच्या हल्ल्यालाही तितकाच लागू पडतो, आणि हा मुद्दा कोणी स्वतःहून काढला तर त्याला थांबवू नका.

- ‘ऑक्सिजन-१८ ने मेकॅनिझम सिद्ध झाले’ असे वाक्य फळ्यावर राहू देऊ नका. त्या प्रयोगाने एक वाट बाद झाली, एवढेच म्हणा.

- एका प्रश्नात तीन ‘का’ कोंबू नका. सर्वांत सोप्याचे उत्तर येते आणि उरलेले दोन हरवतात.

- पीकेएचे आकडे पाठ आहेत का, हे तपासत बसू नका. तक्ता समोर द्या आणि त्यातला कोणता आकडा लागू पडतो ते विचारा.

- प्रत्येक एस्टरला हीच कारणे चिकटवू नका. टर्ट-ब्युटाइल ॲसिटेट आम्लात घेतले की बहुधा ऑक्सिजन आणि टर्ट-ब्युटाइल यांच्यातला बंध तुटतो, कारण टर्ट-ब्युटाइल कॅटायन पुरेसा स्थिर आहे; ते या प्रश्नसंचात घुसवू नका, त्यासाठी वेगळी बैठक ठेवा.