कंसातला इथाइल

केमिस्ट्रीत एटीकेटी लागलेले आमच्या विंगमधले चौघे परवा जुने पेपर घेऊन माझ्या खोलीवर आले. संयुगाला नाव देण्याचा प्रश्न दोनच मार्कांचा, पण चौघांनीही एकाच जागी मार खाल्ला होता. रचना अशी होती:

CH₃–CH(C₂H₅)–CH₂–CHO

चौघांचं उत्तर: ३-इथाइलब्युटॅनॅल. चूक! सरळ ओळीत चार कार्बन दिसतात, म्हणून साखळी चारची धरली. पण मित्रांनो, साखळी कागदावर सरळच असली पाहिजे असा नियम कुठेच नाही. पेपर काढणारे सर कंस घालतात तो छपाईच्या सोयीसाठी (आणि थोडा आपली गंमत बघायला!).

मी काय करतो, तर आधी कंस उघडून C₂H₅ चे दोन कार्बन सुटे काढतो. मग CHO पासून मोजायला लागतो, कारण तो मुख्य गट. त्याचा कार्बन साखळीत धरायचाच आणि त्याला क्रमांक १ द्यायचा. CH₂ हा २, CH हा ३. इथे वाट फुटते. एकीकडे CH₃, म्हणजे एक कार्बन. दुसरीकडे इथाइल, म्हणजे दोन. लांब वाट धरली की साखळी पाचची होते आणि बाहेर उरतो मिथाइल. उत्तर ३-मिथाइलपेंटॅनॅल.

चूक ओळखायची खूण सोपी आहे. साखळीच्या टोकाकडून दुसऱ्या कार्बनवर इथाइल आला की थांबायचं. त्या कार्बनच्या पुढे टोकाला एकच कार्बन आहे आणि इथाइलमध्ये दोन, म्हणजे साखळी इथाइलमधूनच जायला हवी होती.

पण ही खूण आंधळेपणाने वापरू नका. दुसऱ्या एका पेपरात हे होतं:

CH₂=C(C₂H₅)–CH₂–CH₂–CH₃

इथे २-इथाइलपेंट-१-ईन हे उत्तर बरोबर धरतात. सहा कार्बनची साखळी निघते खरी, पण दुहेरी बंध तिच्या बाहेर राहतो, आणि जुन्या नियमाने तो साखळीत हवाच. आययूपॅकच्या २०१३ च्या शिफारशींनी मात्र हे उलटं केलं. आधी लांबी बघायची, दुहेरी बंध नंतर. त्यामुळे आता पसंतीचं नाव ३-मिथिलिडीनहेक्सेन. आम्ही वाचतो त्या पुस्तकात अजून जुनाच नियम आहे, तेव्हा परीक्षेत पुस्तकाप्रमाणे लिहा. मात्र नेटवर वेगळं नाव दिसलं तर घाबरू नका.

हे एक तुम्ही करा:

CH₃–CH(C₂H₅)–CH₂–CH(OH)–CH₃

उत्तर ४-मिथाइलहेक्सॅन-२-ऑल. ४-इथाइलपेंटॅन-२-ऑल आलं असेल तर कंस पुन्हा उघडा.