आधी त्याला सांग

अगं, नोकरी गेल्यापासून तू रोज डबा घेऊन निघतेस आणि दिवसभर वाचनालयात बसतेस, हे मला सांगितलंस ते बरं केलंस. आता नवऱ्यालाही सांग, आणि आजच. महिनाअखेरीला पगार जमा झाला नाही की त्याला कळणारच. मग नोकरी जाण्यापेक्षा तू लपवलंस, हेच त्याच्या मनाला जास्त लागेल.

मुलं झोपल्यावर बस आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाक, "माझी नोकरी गेली." प्रस्तावना लांबली की तो आणखी घाबरतो. "होईल रे काहीतरी" असं मात्र म्हणू नकोस. काळजी करणाऱ्या माणसाला अशा मोघम बोलण्यानं धीर येत नाही, तो मनातल्या मनात थेट घर विकण्यापर्यंत पोचतो. त्याच्यासमोर हिशेब ठेव.

तू मला सांगितलेले आकडेच बघ ना. हप्ता ३८,०००, घरखर्च २६,०००, शाळा आणि बाकीचं ८,०००, म्हणजे महिन्याला ७२,०००. त्याचा पगार ४५,०००. कमी पडतात २७,०००. बचत आणि कंपनीकडून हाती आलेले मिळून ३,२४,०००. त्यातून विम्यासाठी ५४,००० बाजूला काढ, कारण कंपनीचा आरोग्य विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो आणि घाबरलेल्या घरात नेमकं हेच विसरलं जातं. उरलेल्या २,७०,००० मध्ये दहा महिने निघतात. "दहा महिने हप्ता चुकणार नाही" हे त्याला कागदावर दिसू दे. आणि सहाव्या महिन्यापर्यंत काही जमलं नाही तर हप्ता चुकण्याआधीच बँकेत जाऊन मुदत वाढवण्याचं विचारायचं, हेही त्याच कागदावर लिही.

तरी तो विचारेल, "बाकीचे राहिले, मग तुलाच का काढलं?" हे ऐकून तुला मेल्याहून मेल्यासारखं होईल, मला माहीत आहे. पण तो तुझी लायकी काढत नसतो गं. कारण सापडलं तर पुढचं टाळता येईल, असं त्याला वाटत असतं. खरं कारण माहीत असेल तर सांग, नसेल तर म्हण, "मलाही हाच प्रश्न छळतोय. पण आज नको, आज नुसता माझ्याजवळ बस." लाज वाटते, हा शब्दही त्याच्यापाशी उच्चार. तू गप्प राहिलीस तर तुझं गप्प बसणं तो रागच समजेल.

पुढे रोज संध्याकाळी "काही झालं का?" सुरू होईल. त्याला रविवार सकाळ नेमून दे: आठवड्यात कुठे अर्ज केले, कोणाचं उत्तर आलं, किती शिल्लक आहे, सगळं चहाबरोबर. मधल्या दिवसांत त्यानं विचारायचं नाही, आणि रविवार तू चुकवायचा नाही. एक जरी चुकवलास तरी तो पुन्हा रोज विचारू लागेल.

सासूबाईंना काय सांगायचं, तेही दोघांनी मिळून ठरवा. आणि ते त्यालाच सांगू दे, तू शेजारी बस.