गिऱ्हाइकाने नुसता फोटो पाठवला, प्रश्नच नाही! आता उत्तर काय द्यायचं?

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा विषय इथे नीट लिहितोय.

आपल्या बॅचमधल्या एक ताई सिंहगड रोडला राहतात. मार्केट यार्डातून शेंगदाणे घेतात, लाकडी घाण्यावर तेल काढून आणतात आणि घरून विकतात. एका दुपारी त्यांना नेहमीच्या एका गिऱ्हाइकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. कुठल्याशा सुपरमार्केटची फळी, त्यावर शेंगदाणा तेलाची एक बाटली, खाली भावाची पट्टी. बस्स. ना 'हे कसं आहे', ना 'एवढं स्वस्त कसं'.

ताईंनी काय केलं? त्यांना वाटलं, भाव दाखवतायत. लगेच लिहिलं, "मॅडम, तुमच्यासाठी किलोमागे वीस रुपये कमी करते." पलीकडून काहीच नाही. दोन दिवसांनी फोन केला तेव्हा कळलं की बाईंच्या घरचं तेल संपलं होतं. त्यांना फक्त विचारायचं होतं, 'तुमचं येईपर्यंत हे चालेल का?' आणि वीस रुपयांचा मेसेज वाचून त्यांच्या मनात आलं, म्हणजे आजवर आपण वीस रुपये जास्तच देत होतो की काय! दिवाळीची दहा किलोची ऑर्डर तिथेच अडकली.

फोटोत चार प्रश्न लपलेले असू शकतात: भाव, लोकांचे रिव्ह्यू, माल खरा की खोटा, आणि आत काय आहे. कुठला प्रश्न आहे याचा थोडा अंदाज फोटोच देतो. भावाची पट्टी मुद्दाम जवळून घेतली असेल तर भाव. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं टिपली असतील तर आतला माल. अख्खी फळी आणि मधे बाटली, असा घाईत काढलेला फोटो असेल, तर बहुतेक वेळा माणूस दुकानात उभा आहे आणि 'घेऊ का?' असं विचारतोय. ताईंकडे आलेला फोटो असाच होता. पण अंदाज तो अंदाज. म्हणून पहिलं उत्तर छोटं आणि लगेच: "फोटो मिळाला. आत्ता घ्यायचं आहे का? मग बाटलीच्या मागच्या बाजूचा एक फोटो पाठवा, बघून सांगते." यात तुम्ही भावही पाडत नाही आणि दुसऱ्याच्या मालाला नावंही ठेवत नाही.

मागचाच फोटो का? कारण तेलाच्या बाबतीत सगळ्यात जास्त तिथेच कळतं. पुढे मोठ्या अक्षरात 'शेंगदाणा' लिहिलेलं असतं, मागे घटक लिहिलेले असतात. तिथे 'रिफाइंड शेंगदाणा तेल' असेल तर ते वास आणि रंग काढून घेतलेलं तेल. 'फिल्टर्ड' असेल तर ते साधारणपणे मशीनवर दाबून गाळलेलं, त्याला दाण्याचा वास राहतो. आणि 'मल्टी-सोर्स एडिबल ऑइल' असेल तर ते दोन तेलांचं मिश्रण. मिश्रण विकणं कायदेशीर आहे, पण कुठलं तेल किती टक्के ते लेबलवर लिहावं लागतं. बाईंना आठवडाभराची सोय करायची होती. त्यांना "हे फिल्टर्ड आहे, चव आपल्या तेलाच्या जवळ जाईल, एक लिटर घ्या, पुढच्या शुक्रवारी माझं येतंय" एवढं उत्तर पुरलं असतं. हो, दुसऱ्याचं तेल घ्या म्हणून सांगायचं! ज्याने फोटो पाठवला त्याने तुमच्यावर विश्वास टाकलाय.

आता समजा प्रश्न खरंच भावाचाच आहे. तरी सूट देण्याआधी हिशेब करा, कारण इथे बरेच लोक चुकतात. बाटली लिटरची, तुमचं तेल किलोचं. एक लिटर शेंगदाणा तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. समजा फळीवर लिटरला २१० रुपये आहेत आणि ताई किलोला ३८० घेतात. ताईंचा लिटरचा भाव झाला ३८० गुणिले ०.९१, म्हणजे जवळपास ३४६. तुलना २१० आणि ३४६ ची आहे, ३८० ची नाही.

तरीही फरक मोठाच आहे. तो कुठून येतो? लाकडी घाण्यावर एक लिटर तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. दाणे १२० रुपये किलो धरले तर ३०० रुपये. दीड किलोच्या आसपास पेंड निघते, ती ४० ने विकली तर ६० परत आले. राहिले २४०, आणि यात घाणेवाल्याची मजुरी, बाटली, रिक्षाभाडं अजून धरलेलंच नाही. म्हणजे या भावाच्या दाण्यात घाण्याचं तेल २१० ला बसूच शकत नाही. मोठ्या मिलची मशीन जास्त दाब देते, पेंडीत तेल कमी उरतं, उरलेलंही सॉल्व्हंटने काढता येतं. त्यामुळे त्यांना ते जमतं. यात लबाडी असलीच पाहिजे असं नाही. हे गणित तुमच्या आजच्या खरेदीच्या भावाने वहीत करून ठेवा. गिऱ्हाइकाला ते दोन ओळींत सांगितलं की सूट मागण्याचा विषय बऱ्याचदा तिथेच मिटतो.

खरं-खोटं विचारलं तर मात्र जपून. फोटो बघून 'हे भेसळीचं आहे' असं कधीही लिहू नका. फोटोत फार तर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर दिसतो. पहिला आकडा १ असेल तर लायसन्स, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाचं रजिस्ट्रेशन. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. तिथे ०० असेल तर केंद्राचं लायसन्स. foscos.fssai.gov.in वर नंबर टाकला की तो कुणाच्या नावावर आहे ते कळतं. पण नंबर खरा म्हणजे तेल शुद्ध, असं होत नाही. तेल फ्रिजमध्ये ठेवून 'गोठलं म्हणजे शुद्ध' हा उपायही भरवशाचा नाही. मिश्रण आहे का, हे लॅबमध्ये तपासणी केल्यावरच कळतं. आणि ताई, दादा, दुसऱ्याचा नंबर तपासण्याआधी आपल्या बाटलीवर आपला नंबर आहे ना, ते बघा. सुटं तेल विकायला बंदी आहे, बाटली सीलबंद आणि लेबल लावलेलीच हवी.

रिव्ह्यूचं थोडक्यात सांगतो. तेलाच्या रिव्ह्यूमध्ये लोक बाटली गळली, डिलिव्हरी उशिरा आली, असंच जास्त लिहितात. तेल कसं काढलंय हे रिव्ह्यू लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं. गिऱ्हाइकाने तेच विचारलं तर एवढंच सांगा आणि पुन्हा मागच्या लेबलकडे वळा.

त्या ताईंनी पुढे बाईंना फोन करून सरळ सांगितलं की सूट घाईत बोलले, भाव पहिल्यापासून बरोबरच होता, आणि वर दिलेला हिशेब वाचून दाखवला. बाईंनी दहा नाही, पण पाच किलोची ऑर्डर दिली. जुन्याच भावाने.